स्वमग्नतेची बालवयातील ओळख

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या वाढीतील एक भिन्नता आहे. तिची मुळे बहुतांशी जन्मापूर्वीच्या वाढीत असतात आणि ती आयुष्यभर राहते. ती मुख्यतः दोन बाबतींत दिसून येते: इतरांशी होणारा सामाजिक संवाद, आणि पुनरावृत्तीची, ठरावीक चाकोरीतील वागणूक, ज्यात आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांसारख्या संवेदनांना मिळणारा वेगळा प्रतिसादही येतो. तिचे स्वरूप व तीव्रता व्यक्तीगणिक बदलत असल्याने तिला स्वमग्नता वर्णपट असे म्हणतात. रक्ततपासणी किंवा मेंदूच्या छायाचित्रणाने स्वमग्नता ओळखता येत नाही. तिचे निदान मुलाच्या वागणुकीचे निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेली हकिकत यांवर आधारलेले असते. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांसारख्या, बालविकासतज्ज्ञ दूर असलेल्या भागांत पालक आणि अंगणवाडी सेविका यांच्या नजरेस पडणाऱ्या सुरुवातीच्या चिन्हांना विशेष महत्त्व आहे.

## संकल्पनेचा विकास

इ.स. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. या मुलांना माणसांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक रस होता आणि नित्यक्रमातील लहानसा बदलही त्यांना सहन होत नसे. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर यांनी अस्खलित बोलणाऱ्या, परंतु इतरांमध्ये मिसळणे अवघड जाणाऱ्या मुलांचे वर्णन केले. ही दोन्ही वर्णने दीर्घकाळ स्वतंत्र मानली जात होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या अभ्यासातून ती एकाच पटावरील भिन्न रूपे असल्याचा विचार पुढे आला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीने ही रूपे एकाच नावाखाली आणली आणि संवेदनांना मिळणारा कमी-अधिक प्रतिसाद प्रथमच निदानाच्या निकषांत समाविष्ट केला.

‘स्वमग्न’ या मराठी शब्दावरून मूल स्वतःच्याच विचारांत हरवलेले आहे किंवा त्याला इतरांची ओढ नाही, असा समज होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न मुलांना आईवडिलांचा लळा असतो. तो दाखवण्याची त्यांची रीत मात्र वेगळी असते.

## स्वरूप

### सामाजिक संवाद

बोलणे येण्याच्या कितीतरी आधी मूल नजर, हास्य, हातवारे आणि आवाज यांनी संवाद साधू लागते. या शब्दाविना संवादातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे सामाईक लक्ष. अंगणात कोंबडी दिसल्यावर वर्षभराचे मूल तिच्याकडे बोट दाखवते, मग आईकडे पाहते आणि पुन्हा कोंबडीकडे पाहते. त्याला कोंबडी हवी नसते. ‘मी जे पाहतो आहे ते तूही पाहा’ एवढेच त्याला सांगायचे असते. भाषा शिकण्याचा पाया याच देवघेवीत असतो, कारण आई त्या क्षणी ‘कोंबडी’ असे म्हणते आणि मुलाला तो शब्द नेमका कशाचा आहे ते कळते.

स्वमग्न मुलांमध्ये हा टप्पा उशिरा येतो, तुरळक दिसतो किंवा दिसतच नाही. हवी असलेली वस्तू मिळवण्यासाठी ही मुले बोट दाखवू शकतात. अनेकदा ती मोठ्या माणसाचे मनगट धरून त्याचा हात डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवतात. केवळ दाखवण्यासाठी, आनंद वाटून घेण्यासाठी बोट दाखवणे मात्र आढळत नाही. ‘मागण्यासाठी बोट’ आणि ‘दाखवण्यासाठी बोट’ यांतील हा फरक लहान वयातील ओळखीच्या दृष्टीने फार उपयोगी आहे.

### संवेदना

स्वमग्न मुलांपैकी बहुसंख्य मुलांमध्ये संवेदनांना मिळणारा प्रतिसाद इतरांपेक्षा वेगळा असतो. हा फरक दोन्ही दिशांनी असू शकतो. काही संवेदना असह्य होतात, तर काही पुरेशा जाणवत नाहीत आणि मूल त्या स्वतःहून शोधत राहते. पत्र्याच्या छपरावर पावसाच्या सरीचा आवाज सुरू होताच कान दाबून कोपऱ्यात बसणारे मूल तोच आवाज अधिक तीव्रतेने अनुभवत असते. पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यात भरणारी म्हसा यात्रा, लग्नातील बँजो किंवा गच्च भरलेली एसटी अशा ठिकाणी असे मूल किंचाळते, जमिनीवर लोळते किंवा एकाएकी निपचित होते. पाहणाऱ्यांना तो हट्ट वाटतो. हट्ट आणि ही अवस्था यांत फरक असा, की हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते आहे का याचा अंदाज घेते आणि वस्तू मिळताच शांत होते. संवेदनांच्या भाराने कोलमडलेले मूल तो आवाज किंवा गर्दी दूर झाल्यावरही बराच वेळ सावरत नाही.

याउलट स्वतःभोवती गिरक्या घेणे, डोळ्यांच्या कडेने फिरत्या पंख्याकडे पाहत राहणे, धान्यात हात खुपसून बसणे किंवा वस्तू हुंगणे या कृतींतून मूल हवी ती संवेदना मिळवत असते. खाण्याच्या बाबतीत एकाच पोताचे पदार्थ घेण्याकडे कल असतो. मऊ भात खाणारे मूल त्यात भाजीचा एक तुकडा आला तरी घास बाहेर काढते.

वस्तू ओळीने मांडणे, एकच कृती पुन्हा पुन्हा करणे, ठरलेल्या वाटेनेच जाण्याचा आग्रह आणि ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे हीदेखील स्वमग्नतेची वैशिष्ट्ये आहेत.

## पालकांना जाणवणारी सुरुवातीची चिन्हे

पुढील चिन्हे वयाच्या क्रमाने दिली आहेत. यांपैकी कोणतेही एक चिन्ह आढळले म्हणजे मूल स्वमग्न आहे असे ठरत नाही. अनेक चिन्हे एकत्र दिसणे आणि ती निरनिराळ्या प्रसंगी टिकून राहणे याला महत्त्व असते.

* सुमारे ९ महिने: नावाने हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही. आनंद, राग, आश्चर्य हे भाव चेहऱ्यावर कमी दिसतात.
* सुमारे १२ महिने: टाटा करणे, ‘घे’ म्हणून हात पुढे करणे, उचलून घेण्यासाठी हात वर करणे असे हातवारे दिसत नाहीत. ‘बुवा-कुक’सारख्या खेळात आलटून पालटून भाग घेतला जात नाही.
* १५ ते १८ महिने: आवडलेली वस्तू दुसऱ्याला दाखवणे किंवा तिच्याकडे बोट करणे दिसत नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द येत नाही.
* सुमारे २४ महिने: ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी स्वतः जुळवलेली दोन शब्दांची जोडी येत नाही. बाहुलीला भरवणे, काठीचा घोडा करणे असे कल्पित खेळ सुरू होत नाहीत.
* कोणत्याही वयात: आलेले शब्द, हातवारे किंवा माणसांविषयीची उत्सुकता नाहीशी होणे. हे बहुधा दीड ते दोन वर्षांच्या सुमारास घडते. अशा मुलास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

मुलींच्या तुलनेत मुलग्यांमध्ये स्वमग्नतेचे निदान तीन ते चार पट अधिक होते. यातील काही फरक मुली ओळखल्या न गेल्यामुळे पडतो. शांत, एकटी बसणारी मुलगी ‘गुणी’ मानली जाते आणि तिच्याविषयी चौकशी होत नाही.

## गल्लत होणाऱ्या बाबी

श्रवणदोष. हाकेला प्रतिसाद न देणारे मूल बहिरे असावे ही पालकांची पहिली शंका असते आणि ती रास्त आहे. मूल बिस्किटाच्या पुड्याच्या आवाजाला वळते, पण हाकेला वळत नाही, असे दिसल्यास पालक ‘ऐकू तर येते’ असा निष्कर्ष काढतात. मात्र अंशतः श्रवणदोष असलेल्या मुलालाही काही आवाज ऐकू येतात. म्हणून घरगुती परीक्षेवर न थांबता यंत्राने श्रवणचाचणी करणे ही तपासणीची पहिली पायरी मानली जाते. श्रवणदोष आणि स्वमग्नता एकाच मुलात असू शकतात.

उशिरा बोलणे. ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. केवळ उशिरा बोलणारे मूल शब्दांची उणीव हातवाऱ्यांनी भरून काढते. ते खुणा करते, ओढत नेऊन दाखवते आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला कळले की नाही याची खात्री करते. स्वमग्न मुलामध्ये शब्दांबरोबर हा शब्दाविना संवादही कमी असतो.

घरची भाषा. शहापूर व मुरबाडमधील कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली अशा कुटुंबांत घरातील बोली अंगणवाडीतील मराठीपेक्षा वेगळी असू शकते. अंगणवाडीत गप्प राहणारे मूल घरी भरपूर बोलत असेल तर तो भाषेचा प्रश्न असतो. त्यामुळे हाक मारणे, वस्तूचे नाव विचारणे ही निरीक्षणे मुलाच्या बोलीत आणि घरी हाक मारतात त्या नावाने करावी लागतात. वहीतील नाव आणि घरचे नाव वेगळे असल्यास मूल हाकेला न वळणे स्वाभाविक असते. एका भाषेऐवजी दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता होत नाही.

कुपोषण. तीव्र कुपोषित मूल मलूल असते, हसत-खेळत नाही आणि त्याचे टप्पे लांबतात. आहार व उपचारांनी तब्येत सुधारल्यावर त्याची माणसांविषयीची उत्सुकता परत येते का, हे पाहावे लागते. उलट, ठरावीकच पदार्थ खाणाऱ्या स्वमग्न मुलाचे वजन घटते आणि लक्ष केवळ वजनावर राहते, असेही घडू शकते.

## तपासणीची व्यवस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते; १ ऑगस्ट २०१४ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. या कार्यक्रमातील तपासणीच्या यादीत भाषाविकासातील विलंब आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा तपासणी करते, अशी योजना आहे. शंका आलेल्या मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तेथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ आणि उपचारतज्ज्ञ यांनी मिळून मूल पाहणे अपेक्षित असते.

या व्यवस्थेतील एक उणीव स्थलांतरातून निर्माण होते. भातकापणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर, अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पथकाची एक फेरी या काळात झाल्यास मूल हजेरीपटावर असते, पण पाड्यावर नसते. दुसऱ्या फेरीतही ते सुटले तर दीड ते तीन वर्षांचा महत्त्वाचा काळ निघून जातो. दुसरी मर्यादा तपासणीच्या पद्धतीत आहे. मोठ्या पटाच्या अंगणवाडीत एका दिवसात वजन, उंची, डोळे, दात तपासताना मुलाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात आणि अनोळखी माणसांच्या गर्दीत कोणतेही मूल बावरते. म्हणून पथकाच्या निरीक्षणापेक्षा रोज मुलाला पाहणाऱ्या आईची व सेविकेची माहिती अधिक विश्वसनीय ठरते.

## उदाहरण

ओळखीची प्रक्रिया स्पष्ट करण्यासाठी पुढे एक कल्पित उदाहरण दिले आहे.

मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावरचा मुलगा २६ महिन्यांचा आहे. कुटुंब वीटभट्टीवरून जूनमध्ये परतले आहे. चालणे, धावणे, चढणे वेळेवर आले. वजन वयानुरूप आहे. आई सेविकेला सांगते, “बाई, हाक मारली तर बघत नाही, आणि पाऊस वाजला की कान दाबून रडतो.” आजीच्या मते मुलगे उशिराच बोलतात.

सेविका घरी जाऊन मूल शांत असताना तीन गोष्टी पाहते. पहिली, पाठीमागून घरच्या नावाने हाक. तीन वेळा हाक मारूनही मूल वळत नाही. डब्याचे झाकण वाजताच वळते. दुसरी, दाराबाहेरच्या शेळीकडे बोट दाखवून “ते बघ” असे म्हणणे. मूल शेळीकडे पाहत नाही, सेविकेच्या बोटाच्या टोकाकडे पाहते आणि पुन्हा हातातील बाटलीचे बूच फिरवू लागते. तिसरी, हवी असलेली वस्तू उंचावर ठेवणे. मूल आईचे मनगट धरून तिचा हात वस्तूकडे ढकलते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहत नाही.

यानंतर सेविका आईला दोन प्रश्न विचारते. ‘आवडलेली वस्तू तुम्हाला दाखवायला आणतो का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे येते. ‘आधी येणारे काही आता बंद झाले आहे का?’ या प्रश्नावर आई आठवून सांगते की भट्टीवर जाण्यापूर्वी तो ‘आई’ आणि ‘पापा’ म्हणत असे. होळीपासून ते ऐकू आलेले नाही. दोन शब्द बंद पडल्याची ही माहिती सर्वांत महत्त्वाची ठरते, आणि ती थेट विचारल्याशिवाय पुढे आली नसती.

सेविका निरीक्षणे तारखेसह माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवते आणि आईच्या भ्रमणध्वनीवर मुलाच्या नेहमीच्या खेळाचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून घेते, कारण रुग्णालयात मूल घरच्यासारखे वागेलच असे नाही. पथकाची पुढची फेरी लांब असल्याने कुटुंबाला ग्रामीण रुग्णालयातून थेट पुढे पाठवण्याची विनंती केली जाते. श्रवणचाचणी सर्वसाधारण येते. त्यानंतर विकासाचा इतिहास, खेळातील निरीक्षण आणि प्रमाणित निकष यांवरून स्वमग्नतेचे निदान होते. चाचणीत श्रवणदोष निघाला असता तर वाट वेगळी झाली असती. तरीही सेविकेने मूल पुढे पाठवणे योग्यच ठरले असते, कारण तिचे काम शंका नोंदवण्याचे आहे. निदान हे तज्ज्ञांचे काम असते.

## निदानानंतर

स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. संवादाच्या संधी वाढवणे, संवेदनांचा त्रास कमी करणे आणि दैनंदिन कौशल्ये शिकवणे हा मदतीचा गाभा आहे. झटके, निद्रानाश किंवा तीव्र अस्वस्थता असल्यास त्यांवर स्वतंत्र उपचार केले जातात.

तज्ज्ञ कमी असलेल्या भागांसाठी गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. त्यात २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ मुलांचा समावेश होता. विशेषज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी एका गटातील पालकांबरोबर १२ सत्रे घेतली. पालक व मूल खेळत असतानाचे चित्रण पाहून, मुलाच्या लक्षाच्या मागे कसे जावे याची चर्चा केली जाई. या गटात पालकांचा मुलाच्या कलाने चालणारा प्रतिसाद वाढला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. मात्र दोघांनी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवण्याचा एकूण कालावधी वाढला नाही. तो घटल्याचे आढळले.

या पद्धतीचे तत्त्व घरी वापरता येते. मूल बूच फिरवत असेल तर ते काढून न घेता आई समोर बसून दुसरे बूच फिरवते, ‘गोल, गोल’ असे थोडक्यात म्हणते आणि थांबते. मुलाने क्षणभर पाहिले, आवाज काढला किंवा हात पुढे केला तर तोच त्याचा संवाद मानून ती लगेच प्रतिसाद देते. ‘हे काय? बोल, बोल’ असा प्रश्नांचा मारा केल्यास मूल बहुधा पाठ फिरवते. संवेदनांच्या बाबतीत गर्दीच्या वेळेआधीची एसटी पकडणे, यात्रेत बाजूच्या शांत जागी थांबणे, पाऊस जोरात असताना कानांवर जाड फडके बांधणे असे साधे बदल उपयोगी पडतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी स्वमग्नतेची तीव्रता मोजण्याकरिता ४० बाबींचे भारतीय मापन वापरले जाते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदल्यास आरक्षणासारखे लाभ मिळू शकतात. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याची तरतूद आहे.

## कारणे व गैरसमज

स्वमग्नतेत आनुवंशिक घटकांचा वाटा मोठा आहे. त्यात एकाच नव्हे, तर अनेक जनुकांचा सहभाग असतो. एका मुलास स्वमग्नता असल्यास पुढच्या भावंडात ती आढळण्याची शक्यता सर्वसाधारणपेक्षा अधिक असते. म्हणून धाकट्या भावंडाकडे पहिल्या वर्षापासून लक्ष देणे इष्ट ठरते.

आईच्या मायेच्या अभावाने स्वमग्नता होते ही विसाव्या शतकाच्या मध्यातील कल्पना टाकून देण्यात आली आहे. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीशी स्वमग्नतेचा संबंध सूचित करणारा १९९८ मधील लेख ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. लसीकरण आणि शब्द बंद पडणे या दोन्ही गोष्टी दुसऱ्या वर्षात घडत असल्याने पालकांना त्यांचा संबंध भासतो. दृष्ट, करणी किंवा देवाचा कोप समजून भगताकडे नेण्यात जाणारे महिने हे प्रत्यक्षात श्रवणचाचणी आणि मदत लांबणीवर पडण्याचे कारण ठरतात.

२०१२ साली ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी असे मांडले की स्वमग्न व्यक्ती आणि इतर यांच्यातील गैरसमज दुहेरी असतो. स्वमग्न व्यक्तीस इतरांचे भाव कळणे जसे अवघड जाते, तसेच इतरांनाही तिचे भाव वाचता येत नाहीत. कान दाबून कोपऱ्यात बसलेले मूल हट्टी ठरवले जाते, तेव्हा हा दुसरा गैरसमज घडत असतो.